रबराच्या पायाखाली दडवलेली मालकी

विकत घेतलेल्या वस्तूचे झाकण मालकाला उघडता येऊ नये, अशी व्यवस्था कोणाच्या सोयीची? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या महिन्यात सातपूरला एका कामगार मित्राच्या घरी बसून मी एक लॅपटॉप उघडताना पाहिला, आणि खासगी मालमत्तेच्या पावित्र्यावर व्याख्याने देणारी भांडवलशाही गिऱ्हाइकाच्या मालकीला किती किंमत देते, हे तेथे उमगले.

लॅपटॉप त्यांच्या कन्येचा, पाच वर्षांचा. अर्ध्या तासात तापून तो आपोआप बंद पडे. दुरुस्ती केंद्राने सांगितले की केवळ सफाई आम्ही करीत नाही, पंख्यासह आतला सारा जोड बदलावा लागेल. हे मित्र सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे फिटर होते. ते म्हणाले, "सर, आधी आत बघू तरी."

त्यांनी यंत्र पूर्ण बंद केले, चार्जर काढला आणि ते टेबलावर पालथे ठेवले. तळ फुगलेला नाही ना, हे प्रथम पाहिले. तो फुगला असेल तर आतली बॅटरी सुजलेली असते आणि अशा यंत्रात काहीही खुपसणे म्हणजे आगीशी खेळ. मग दिसणारे पाच स्क्रू काढले. झाकणाची पुढची कड किंचित हलली. बिजागरीकडची बाजू मात्र जागची हलेना. अननुभवी माणूस येथेच जोर लावतो आणि झाकण तडकते. मित्राने जोर लावला नाही. "एक बाजू अजिबात दाद देत नाही, म्हणजे तिथे स्क्रू आहे," एवढेच ते बोलले.

मागच्या लांब रबरी पट्टीवरून त्यांनी अंगठा दाबत नेला. चार ठिकाणी तो किंचित खाली गेला. केस वाळवायच्या यंत्राने पट्टीला अर्धा मिनिट ऊब दिली, तेव्हा चिकटा मऊ झाला आणि पट्टी कोपऱ्यापासून अखंड निघाली. खाली चार स्क्रू! ते दिसणाऱ्यांपेक्षा लांब होते. म्हणून प्रत्येक स्क्रू त्यांनी कागदावर काढलेल्या आकृतीत ज्याच्या त्याच्या जागी ठेवला. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो कीबोर्डच्या बाजूने वर येतो.

आता राहिल्या आतल्या खुंट्या. झाकणाच्या कडेला प्लॅस्टिकचे बारीक आकडे असतात आणि ते चौकटीत अडकतात. त्यासाठी मित्राने गिटार वाजवायची प्लॅस्टिकची पातळ पट्टी घेतली. जुने सिमकार्डही चालते. लोखंडी पेचकस नको, कारण तो कड खरवडतो आणि आत गेलाच तर बॅटरीला भोक पाडतो. बिजागरीजवळच्या कोपऱ्यातल्या फटीत पट्टी आडवी, दोन-तीन मिलिमीटरच घातली, हलकेच पिळली. 'टक्' असा आवाज झाला. एक आकडा सुटला. पट्टी तेथेच ठेवून दुसरी पट्टी पुढे सरकवली, म्हणजे सुटलेला आकडा पुन्हा बसत नाही. चारी बाजू सुटल्यावरही झाकण ओढले नाही. एखादी वायर त्याला जोडलेली असू शकते, म्हणून ते पुस्तकासारखे थोडे उचलून आत पाहिले. पहिले काम बॅटरीची जोडणी सोडवणे.

पंख्याच्या तोंडाशी कापसासारखा धुळीचा थर होता. पाती बोटाने धरून ब्रशने तो काढला. झाकण बसवून कड दाबत नेली, प्रत्येक आकडा पुन्हा 'टक्' म्हणाला. पट्टीचा चिकटा गेला होता. दुतर्फा चिकटणारी पातळ टेप लावून ती बसवली. यंत्र आता तापत नाही.

आकड्यांना माझा आक्षेप नाही. त्यांनी यंत्र पातळ होते, जुळणीचा वेळ वाचतो. परंतु स्क्रूवर रबर चिकटवण्याने मालकाचे कोणते हित साधते? तळ नीटनेटका दिसतो, असे उत्तर मिळेल. तळ कोण पाहतो!

सरकारला हा प्रश्न ठाऊक नाही असे नव्हे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मे 2025 मध्ये दुसऱ्या समितीने दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाचा अहवाल दिला. उघडण्याची सुलभता, सुटे भाग, लागणारी हत्यारे, इतकेच काय, स्क्रू-खुंट्यांचा प्रकार, या सर्वांना त्यात गुण आहेत. मात्र शिफारस झाली ती प्रथम स्मार्टफोन आणि टॅबलेटसाठी. फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासून असा निर्देशांक लागू केला, तेव्हा पहिल्याच यादीत लॅपटॉप होता. शिवाय आपल्याकडे हे गुण कंपनीने स्वतःच जाहीर करायचे आहेत. परीक्षार्थ्यानेच उत्तरपत्रिका तपासण्याचा हा प्रकार अध्यापनाच्या इतक्या वर्षांत मी पाहिला नव्हता.

लॅपटॉप या यादीत आलाच पाहिजे, आणि चिकटवलेल्या आवरणाखाली स्क्रू दडवणाऱ्या नमुन्याचे गुण कापले गेलेच पाहिजेत. ते गुण देणारा कंपनीच्या पगारावर नसावा. तोवर एक व्यावहारिक सूचना : वॉरंटीच्या मुदतीत हा उद्योग करू नये, कंपनीला नकाराचे निमित्त मिळते. मुदत संपलेली यंत्रे आमच्या मित्राकडे रविवारी सकाळी आणावीत; स्क्रू ठेवायला कागद मात्र आपापला आणावा.