मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते

अपघात झाला की आपल्याकडे निकाल पंचनाम्याआधीच लागतो. एका बाजूला ट्रक, एसटी किंवा उसाचा ट्रॅक्टर असेल आणि दुसऱ्या बाजूला दुचाकी, तर चूक मोठ्याचीच. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की हा निकाल वारंवार ऐकू येतो. त्यामागे एक न्याय्य भावनाही आहे. ज्याच्या हातात पंधरा-वीस टनांचं वजन आहे त्याने अधिक सांभाळून चालवलं पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण या भावनेतून जो समज रुजला आहे, तो माणसं मारतो. मोठ्या गाडीच्या शेजारी, पुढे किंवा मागे जेवढी जागा रिकामी दिसते तेवढी आपल्याला वापरता येते, असा तो समज आहे. ही जागा रिकामी नसते. ती त्या गाडीची असते.

पहिला युक्तिवाद वळणाबद्दल केला जातो. ‘एसटीला डावीकडे वळायचं होतं, तर ती आधी उजवीकडे कशाला गेली? आम्हाला वाटलं ती उजवीकडे चालली, म्हणून आम्ही डावीकडून काढली.’ कोणत्याही गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून वळत नाहीत, ती आतून कापत जातात. मोटारीत हा फरक जाणवत नाही, कारण दोन्ही आसांमधलं अंतर कमी असतं. एसटीत ते साडेपाच मीटरच्या पुढे असतं. अशी बस बारा मीटर त्रिज्येच्या घट्ट वळणात शिरली की तिचं मागचं डावं चाक पुढच्या डाव्या चाकापेक्षा सुमारे दीड मीटर आतून जातं. ड्रायव्हर पहिल्यापासून डाव्या कडेला चिकटून वळला, तर मागचं चाक थेट कोपऱ्यावरच्या माणसांवर, टपरीवर किंवा गटारात जाईल. म्हणून तो आधी उजवीकडे सरकतो. बाजारपेठेतल्या अरुंद कोपऱ्यावर त्याच्यापुढे दुसरा मार्गच नसतो.

आता दुचाकीस्वार काय पाहतो ते बघा. बस उजवीकडे सरकली, डावीकडे दोन मीटर जागा मोकळी झाली, आणि दुचाकीचं हँडल तर पाऊण मीटरच रुंद. तो आत शिरतो. दोन-तीन सेकंदांत बसचा पुढचा भाग डावीकडे वळतो आणि ती दोन मीटरची जागा मागच्या चाकाकडून मिटत येते. स्वार तेव्हा बसच्या मधल्या भागाशेजारी असतो. पुढे जावं तर बसचं तोंड आडवं आलेलं, मागे यावं तर वेळ नाही. उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर हा सापळा आणखी लांबतो, कारण पहिली ट्रॉली ट्रॅक्टरच्या आतून कापते आणि दुसरी पहिलीच्याही आतून. ट्रॅक्टर वळून गेला म्हणजे वळण संपलं असं धरून पुढे सरकणारा माणूस दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकाखाली येऊ शकतो. यावर उपाय एकच आहे. गाडी कोणत्या बाजूला सरकते याकडे न पाहता तिचा इंडिकेटर कुठला लागला आहे ते पाहावं. चौक जवळ आला असेल आणि इंडिकेटर दिसतच नसेल, तर शेवटचं चाक वळून सरळ होईपर्यंत मागेच थांबावं.

दुसरा युक्तिवाद असा: ‘ड्रायव्हरला आरसे दिलेत ना, त्याने बघावं.’ आरसे आहेत, पण ते सगळं दाखवत नाहीत. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. डावी बाजू त्याच्यापासून संपूर्ण गाडीच्या रुंदीइतकी लांब, आणि केबिनच्या डाव्या दारालगतची खालची जागा त्याला काचेतूनही दिसत नाही, आरशातूनही पुरती दिसत नाही. पूर्वी डाव्या बाजूला क्लिनर बसायचा. आज बऱ्याच ट्रकांवर तो नसतो आणि ट्रॅक्टरवर तर त्याला जागाच नाही. गाडीच्या अगदी मागे दुसरा अंध पट्टा असतो, कारण भरलेल्या हौद्याच्या किंवा उसाच्या मोळ्यांच्या पलीकडचं कुठल्याच आरशात येत नाही. अगदी पुढे, बंपरलगत, तिसरा. सिग्नलला ट्रकच्या नाकासमोर स्कूटर आणून उभी करणाऱ्याला वाटतं आपण सगळ्यांच्या पुढे आलो, प्रत्यक्षात तो उंच केबिनच्या खिडकीखाली दिसेनासा झालेला असतो. ड्रायव्हरने आरशात पाहिलं नाही, असा प्रसंगही येतो आणि तेव्हा तो दोषीच. पण त्याने पाहिलं तरीही तुम्ही दिसणार नाही अशी जागा तुम्ही निवडली असेल, तर त्याच्या दक्षतेचा तुम्हाला उपयोग नाही. ओळखायची खूण सोपी आहे: तुम्हाला त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

तिसरा युक्तिवाद सगळ्यांत हट्टी आहे. ‘अंतर ठेवलं की मध्ये कोणीतरी घुसतो. मग ठेवायचं कशाला?’ हिशेब करून पाहू. कराडहून साताऱ्याला येताना पन्नासेक किलोमीटरच्या महामार्गावर दहा गाड्या तुमच्या पुढे घुसल्या आणि प्रत्येक वेळी तुम्ही तीन सेकंद मागे राहिलात, तर साताऱ्याला पोचायला तुम्हाला अर्धा मिनिट उशीर होईल. एवढीच या शिस्तीची किंमत.

आणि ती न देण्याची किंमत? हंगामातली रात्र धरा. तुम्ही ताशी साठच्या वेगाने ट्रकच्या मागे दहा मीटरवर आहात. पुढचं काहीच दिसत नाही, फक्त ट्रकचा मागचा फळा. पुढे रस्त्याच्या कडेला टायर फुटलेली उसाची ट्रॉली उभी आहे आणि तिचा मागचा दिवा लोंबणाऱ्या वाड्यांनी झाकला आहे. ट्रकवाल्याला ती उंचावरून दिसते आणि तो ऐनवेळी उजवीकडे काढतो. तुमच्यासमोर ट्रॉली तेव्हा उघडी पडते. साठच्या वेगात गाडी सेकंदाला सतरा मीटर जाते. म्हणजे ब्रेकवर पाय पोचेपर्यंतच सतरा मीटर गेले आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी बावीस-तेवीस लागले. एकूण चाळीस मीटर. ट्रकच्या मागे तीन सेकंद राहिलात तर पन्नास मीटर मिळतात. ते मोजायला फक्त एक खांब लागतो: ट्रकचं मागचं टोक खांबापासून गेलं की ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणायचं. त्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर जवळ आहात. पाऊस असेल किंवा खंबाटकीसारखा घाट उतरत असाल, तर आणखी एक-दोन सेकंद द्यायचे. चढावर थांबलेल्या भरलेल्या ट्रकच्या मागेही अंतर सोडायचं, कारण गिअर पडेपर्यंत तो मागे घसरू शकतो.

रात्रीला आणखी एक मर्यादा असते. खालच्या झोतात साधारण चाळीस मीटरच्या पुढचं नीट दिसत नाही. म्हणजे साठचा वेग ही दिसेल तेवढ्यात थांबण्याची शेवटची मर्यादा. ऐंशीला थांबायला साठ मीटरांहून जास्त लागतात. समोर काय आहे ते कळेल तोपर्यंत थांबायची जागा संपलेली असते.

मग ऊस वाहतुकीची जबाबदारी नाही का? आहे, आणि ती जड आहे. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी, चालू दिवा, ऊस त्यावर लोंबणार नाही अशी बांधणी, आणि बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावरून तातडीने हलवण्याची सोय, हे कारखान्यांनी आणि वाहतूकदारांनी करायलाच हवं. ते न करणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. पण त्यांचा दोष सिद्ध होणं आणि तुम्ही घरी पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्याय नंतर मिळतो, अंतर आधी ठेवावं लागतं.

म्हणून माझी मागणी ठोस आहे. सातारा, कराड आणि सांगलीच्या परिवहन कार्यालयांनी शिकाऊ लायसन्स घेणाऱ्या प्रत्येक तरुणाला एकदा उभ्या असलेल्या एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसवावं आणि त्याची दुचाकी डाव्या दाराशी, मागच्या बंपरशी, पुढच्या बंपरशी उभी करून विचारावं: दिसते का? या प्रयोगाला अर्धा तास आणि एक बस पुरते. ज्याने आपली दुचाकी तिथून नाहीशी झालेली स्वतः पाहिली, तो त्या मोकळ्या जागेत पुन्हा शिरायच्या आधी विचार करेल.