टँकर मिळणार की नाही, हे दोन पानांच्या टिपणीवर ठरतं

उन्हाळा आला की गावात एकच प्रश्न असतो, टँकर कधी? आपण ग्रामपंचायतीचा ठराव देतो, पंचायत समितीत खेटे घालतो. पण मंजुरी देणाऱ्या साहेबांपुढे अख्खी फाईल कुणी वाचत नाही. पुढे जाते ती दोन पानांची टिपणी. आधी अडचण, मग पर्याय, शेवटी शिफारस. साहेबांची सही बहुतेक वेळा शिफारशीखालीच होते. म्हणून टिपणीत काय लिहिलंय, ते गावानं बघितलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. समजा, गावची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 1,500 होती. टँकरच्या पाण्याचा निकष माणशी रोज 20 लिटर, म्हणजे 30,000 लिटर. दहा हजारी टँकरच्या तीन खेपा झाल्या. पण आज गावात 2,000 माणसं असतील तर 40,000 लिटर लागतं. टिपणीत जुना आकडा गेला की एक खेप तिथंच कमी झाली.

दुसरी गोष्ट पर्यायांची. टँकर हा शेवटचा उपाय धरला जातो. आधी खासगी विहीर अधिग्रहण, हातपंपांची दुरुस्ती, तात्पुरती नळयोजना हे बघतात. यात चूक काही नाही, विहिरीचं पाणी टँकरपेक्षा स्वस्त पडतं. घोळ होतो तो पाहणीच्या तारखेत. फेब्रुवारीत पाहणी झाली, विहीर रोज 40,000 लिटर देत होती, म्हणून शिफारस आली, ‘विहीर अधिग्रहित करावी, टँकरची गरज नाही.’ एप्रिलमध्ये तीच विहीर 10,000 लिटरवर येते. मग नवा प्रस्ताव, पुन्हा पाहणी, पुन्हा टिपणी. तोवर बायाबापड्यांच्या डोक्यावर हंडे.

चांगली टिपणी हे आधीच ओळखते. तिची शिफारस अशी असते: ‘विहीर आता अधिग्रहित करावी. रोजचा उपसा 40,000 लिटरच्या खाली गेल्यास कमी पडणाऱ्या पाण्यापुरत्या टँकर खेपा सुरू करण्यास आत्ताच मान्यता द्यावी.’ एका सहीत दोन्ही कामं होतात. वरच्या उदाहरणात एप्रिलमध्ये 30,000 लिटर कमी पडलं की तीन खेपा लगेच सुरू करता येतात.

आता गावानं काय करायचं? पाहणीला तहसील आणि पंचायत समितीची माणसं येतात, तेव्हा सरपंचांनी तीन गोष्टी लेखी द्याव्यात: आजची माणसं किती, वाड्या-वस्त्या कोणत्या, आणि विहीर उपसल्यावर किती तासांत भरते. गेल्या एप्रिल-मे मध्ये ती किती खाली गेली होती, हेही लिहावं. दिलेल्या कागदाची पोच घ्या.

फाईलवरची टिपणी माहितीच्या अधिकारात मागता येते, पण उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. उन्हाळ्यात ते उशिराचं काम. टिपणी लिहिली जाण्याआधीच आपला आकडा तिच्यात जायला हवा.