पिशवी काढण्याआधी तारखा बघा

पाळीच्या दिवसांत संडासला बसले की आत सुरी फिरवल्यासारखे दुखते, पोट टम्म फुगते आणि पाळी सरली की सारे ओसरते. अशी तक्रार घेऊन गेलेल्या बाईला बहुतेक वेळा गॅसची गोळी मिळते. फरक पडला नाही तर मूळव्याधीचे मलम, आणि पुढे ‘आयबीएस आहे, टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला. माझे म्हणणे असे, की औषध लिहिण्याआधी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे : हे दुखणे महिन्याच्या कोणत्या तारखांना येते?

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते आधी समजून घेऊ. एंडोमेट्रिओसिस या आजारात गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो. काही जणींमध्ये तो आतड्याला चिकटतो, बहुधा पिशवीच्या मागे असलेल्या गुदाशयाला. पाळीच्या वेळी तिथे सूज येते. हळूहळू व्रणासारखी गाठ तयार होते आणि पिशवी व आतडे एकमेकांना चिकटतात. मग मळ पुढे सरकताना ती जागा ताणली जाते आणि कळ येते.

आयबीएसमध्ये आतड्यावर अशी गाठ नसते, त्याचे काम बिघडलेले असते. त्याचे दुखणे महिनाभर अधूनमधून येत राहते, साधारण आठवड्यातून एकदा तरी. ते शौचाशी जोडलेले असते. अनेकींना शौचाला जाऊन आल्यावर बरे वाटते. मात्र एक अडचण आहे. आयबीएससुद्धा पाळीत वाढतो, आणि दोन्ही आजार एकाच बाईला असू शकतात. म्हणून नुसते ‘पाळीत वाढते’ एवढ्यावर निदान होत नाही. सोबतची लक्षणे पाहावी लागतात.

उदाहरण घेऊ. समजा, अंबड तालुक्यातली ३१ वर्षांची एक ताई आहे. तिने तीन महिने कॅलेंडरवर खुणा केल्या : पाळीला ‘पा’, पोट फुगले तर ‘फु’, शौचाला दुखले तर ‘दु’. तिन्ही महिने ‘दु’ पाळीच्या आदल्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंतच आला. बाकीचे तीन आठवडे कोरे. पाळी पहिल्यापासून असह्य, पती-पत्नीच्या संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखते, लग्नाला सहा वर्षे होऊन मूल नाही. हे चित्र आयबीएसचे नाही. याउलट खुणा महिनाभर विखुरलेल्या असत्या आणि पाळीत फक्त दाट झाल्या असत्या, तर आयबीएसचा विचार आधी झाला असता.

पुढची गफलत तपासणीत होते. दुर्बिणीतून आतडे पाहिले आणि ‘नॉर्मल’ आले, म्हणजे आजार नाही असे नव्हे. ही गाठ बाहेरून आत वाढते, तर दुर्बीण आतले अस्तर पाहते. पोटावरून केलेल्या साध्या सोनोग्राफीतही ती सहसा दिसत नाही. जाणकाराने योनीमार्गे केलेली सोनोग्राफी, ज्यात पिशवी आणि आतडे एकमेकांवरून सरकतात का हे पाहिले जाते, किंवा एमआरआय उपयोगी पडतो. अविवाहित मुलीसाठी एमआरआयचा पर्याय आहे. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा पांडुरोग ही लक्षणे असतील, तर मात्र कॅलेंडर भरत न बसता लगेच दाखवावे.

आता खरा धोका. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले, की आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. त्यांत ऊसतोड करणाऱ्या बाया मोठ्या संख्येने होत्या. जालन्यातूनही टोळ्या कारखान्यांवर जातात. त्यामुळे ‘पिशवी काढली की कटकट संपेल’ हे वाक्य आपल्यालाही ओळखीचे आहे. पण गाठ आतड्यावर असेल, तर पिशवी काढून ती जात नाही. पाळी थांबते, पैसे जातात आणि संडासचे दुखणे तसेच राहू शकते.

उपचाराची सुरुवात बहुधा पाळी दाबणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांनी होते. डायनोजेस्ट ही त्यांपैकी एक. दुखणे कमी होते. गाठ सहसा नाहीशी होत नाही. मूल हवे असेल तर हे औषध चालत नाही, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. आतड्याची वाट अरुंद झाली असेल किंवा गोळ्यांनी भागत नसेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. ती स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आतड्याचा सर्जन यांनी मिळून करायची असते.

विटाळ आपण घराबाहेर काढला, पण पाळी आणि संडास हे दोन शब्द एका वाक्यात बोलायला अजून जीभ अडखळते. ते वाक्य डॉक्टरांसमोर तारखांसह बोलले पाहिजे. जिल्हा स्त्री रुग्णालयात जाताना तीन महिन्यांचे कॅलेंडर सोबत न्या. आणि कोणी पिशवी काढण्याच्या कागदावर सही मागितली, तर आधी विचारा : ‘आतडे तपासले का?’