मदत घ्या, पण मुद्दा हातातून जाऊ देऊ नका

परदेशी विद्यापीठांच्या अर्जांचा हंगाम आला की आपल्या ग्रुप्सवर एकच मागणी फिरू लागते : “कुणाकडे सिलेक्ट झालेला एसओपी आहे का?” कुणीतरी पाठवतो. मग तोच एसओपी गावाचं नाव आणि वडिलांचा धंदा बदलून दहा ठिकाणी जातो. दुसऱ्या बाजूला काही शहाणे लोक सांगत असतात की अर्जदाराने कुणाचीही मदत घेतली तर ते निवेदन त्याचं उरतच नाही. माझ्या मते हे दोघेही चुकतात, आणि दोघांच्या चुकीची किंमत आपली पोरं मोजतात.

आधी शहाण्यांकडे पाहू. ज्या घरात आई प्राध्यापक आहे, मामा अमेरिकेत आहे आणि शाळेत इंग्रजीचे शिक्षक चार वेळा मसुदा तपासून देतात, त्या घरातल्या मुलाला ‘मदत घेतली का?’ असं कुणी विचारत नाही. ती मदत जेवणाच्या टेबलावर मिळते, म्हणून ती दिसत नाही. पिअर बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो ते हेच. इंग्लंडमध्ये स्टीव्हन जोन्स यांनी 2012 साली एक अभ्यास केला. बारावीला सारखेच गुण असलेल्या विद्यार्थ्यांची प्रवेश-निवेदनं त्यांनी तपासली, तेव्हा सरकारी शाळांतल्या मुलांच्या लेखनात भाषेच्या चुका जास्त आढळल्या. गुण सारखे असताना फरक पडला तो पाठीशी उभ्या असलेल्या माणसांचा. मग आपल्या पोराने सिनियरला व्याकरण तपासायला सांगितलं की ती फसवणूक कशी होते?

आता आपल्याच माणसांकडे वळू. ‘सिलेक्ट झालेला एसओपी’ कॉपी करणं ही मदत नाही. ब्रिटनमध्ये 2007 साली प्रवेश-निवेदनांची एकमेकांशी तुलना केली गेली, तेव्हा 234 अर्जदारांनी एकच प्रसंग लिहिलेला सापडला : आठव्या वाढदिवसाला रसायनांचा खेळ मिळाला आणि प्रयोग करताना पायजम्याला भोक पडलं. 234 जणांचा पायजमा एकाच दिवशी जळत नाही. आपल्याकडे पायजम्याच्या जागी दुःखाचा साचा आहे. ‘दुष्काळी गावात जन्म, मजूर आईवडील, बाबासाहेबांची प्रेरणा, समाजासाठी काही करण्याची तळमळ.’ यातलं एकही वाक्य खोटं नसतं, तरी ते कुणाचंच नसतं. निवड समितीला त्यातून एवढंच कळतं की अर्जदार गरीब आहे. तो विचार काय करतो, हे कळत नाही.

मग रेघ कुठे ओढायची? एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, बीडकडच्या ऊसतोड कामगारांचा मुलगा सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासक्रमाला अर्ज करतो आहे. पहिल्या मसुद्यात तो मराठीत लिहितो : “हंगामी वसतिगृह गावात होतं तरी आम्ही आईबापासोबत फडावर गेलो, कारण कोप्यावर धाकट्या बहिणीला सांभाळायला कुणी नव्हतं. कोयत्याने उचल घेतलेली, मग आईला थांबता येत नाही.”

शिक्षक विचारतात : “मग वसतिगृह काढून काय उपयोग झाला? तुझं म्हणणं काय?” मुलगा दोन दिवस विचार करतो आणि लिहितो की योजना शाळेत जाणाऱ्या मुलाचा विचार करते, तान्ह्या भावंडाचा करत नाही, फडाजवळ पाळणाघर असतं तर मोठी मुलं गावात राहिली असती. हे वाक्य शिक्षकांच्या प्रश्नामुळे आलं, पण उत्तर मुलाचं आहे. माझ्या मते ही सगळ्यात चांगली मदत. ती हवी तेवढी घ्या.

पुढची पायरी भाषांतराची. मुलगा मराठी मजकूर एखाद्या एआय साधनात टाकतो. तिथे ‘उचल’चं ‘लोन’ होऊ शकतं आणि ‘कोयता’ म्हणजे नुसतं ‘सिकल’. आपल्याला माहीत आहे की इथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल म्हणजे पूर्ण हंगामाचं अंग बांधून टाकणारी आगाऊ रक्कम. ‘लोन’ लिहिलं की वेठ गायब होते आणि बँक उभी राहते. मुलाने हे पकडलं आणि एका वाक्यात दोन्ही शब्द समजावून सांगितले, तर निवेदन अजून त्याचंच आहे. त्याला ते पकडता आलं नाही, तर परक्याचं वाक्य त्याच्या सहीने गेलं.

तिसरी पायरी म्हणजे, “हे जरा प्रभावी करून दे.” साधन म्हणा किंवा पैसे घेणारा कन्सल्टंट म्हणा, दोघेही मग लिहितात की मराठवाड्याच्या तप्त भूमीत वाढताना मी विषमतेचे चटके सोसले आणि परिवर्तनाचा ध्यास घेतला. पाळणाघर गेलं, बहीण गेली, युक्तिवाद गेला. इथे रेघ ओलांडली गेली. शब्द किती बदलले हा मुद्दाच नाही. दावा, कारण आणि तपशील या तीन गोष्टी दुसऱ्याच्या झाल्या, हा मुद्दा आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. कागद बाजूला ठेवा आणि मित्राला मराठीत प्रत्येक वाक्यावर ‘कशावरून?’ असं विचारायला सांगा. जिथे तुम्ही अडखळता, ते वाक्य तुमचं नाही. मुलाखतीतही हेच होतं.

बाबासाहेबांचं उदाहरण इथे नेमकं लागू पडतं. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा लंडनचा प्रबंध. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष सोडले नाहीत, असं चरित्रकार धनंजय कीर सांगतात. 1923 साली पुस्तक निघालं त्याला प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची, आणि त्यात कॅनन स्वतः लिहितात की आंबेडकरांच्या बऱ्याच टीकेशी आपण सहमत नाही. गुरूची मदत आहे, तरी मत शिष्याचं आहे. आणि 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांना नाव घेऊन श्रेय दिलं. नाव घेऊन सांगता येते ती मदत. लपवावी लागते तिचा विचार करा.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्या. नियम सगळीकडे सारखे नाहीत. अमेरिकेतल्या पदवी प्रवेशांचा ‘कॉमन अ‍ॅप’ एआयने तयार केलेला मूळ आशय स्वतःचा म्हणून देणं फसवणुकीत धरतो. अर्जावरचं प्रतिज्ञापत्र आधी वाचा. ते साधन वापरूच नका म्हणत असेल, तर भाषांतरालाही माणूस शोधा. दुसरं, एआय ओळखणाऱ्या यंत्रांवर विसंबू नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 साली परभाषकांनी स्वतः लिहिलेले 91 टोफेल निबंध अशा सात यंत्रांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राने लिहिलेले ठरवले गेले. ज्याचं इंग्रजी साधं, त्याच्यावर संशय. हा संशय आपल्या ओळखीचा आहे. म्हणून पहिला मराठी मसुदा, शिक्षकांचे प्रश्न आणि प्रत्येक दुरुस्ती तारखेसह जपून ठेवा. उद्या कुणी बोट दाखवलं तर तोच तुमचा पुरावा.

आणि सिनियर मित्रांनो, यंदा ग्रुपवर कुणी एसओपी मागितला तर फाइल पाठवू नका. तासभर फोनवर बसा आणि त्याला प्रश्न विचारा.

जय भीम!