खोक्याचे वजन कुणाच्या पदरात?



मुलुंडला आपल्या समाजाच्या हॉलमध्ये ग्राहक हक्कांवर एका वकीलबाईंचे व्याख्यान झाले. त्यांनी साडी, मोबाईल, किराणा अशी बरीच उदाहरणे दिली, पण कुजबुज झाली ती मिठाईच्या खोक्यावर. मागून एक ताई म्हणाल्या, "दुकानदार आपल्यातलेच असतात, खोक्यासाठी काय भांडायचं?"

मला हे मुळीच पटलेले नाही.

हिशेब करून बघा. दिवाळीला नातेवाइकांकडे पाठवायला काजूकतलीची पाव किलोची वीस खोकी घेतली. भाव किलोला 1200 रुपये. रिकामे खोके 40 ग्रॅमचे धरा. ते मिठाईसकट तोलले, तर प्रत्येक खोक्यात कतली 210 ग्रॅमच येते. वीस खोक्यांत 800 ग्रॅम कमी, म्हणजे 960 रुपये पुठ्ठ्याला काजूच्या भावाने मोजले. पाव किलोचे खोके जास्त महागात पडते, कारण मिठाई कमी झाली तरी पुठ्ठा त्या मानाने हलका होत नाही.

"खोक्यालाही पैसे पडतात," हे नेहमीचे उत्तर. पडतात ना! मग बिलात खोक्याचे वेगळे लावा, घ्यायचे की नाही ते आम्ही ठरवू. ग्राहकाला माल निव्वळ वजनाने मिळायला हवा.

करायचे ते सोपे आहे. रिकामे खोके काट्यावर ठेवायला सांगा. 'टेअर'चे बटण दाबून आकडा शून्यावर आला की मगच मिठाई भरायची. काट्याचा आकडा आपल्या बाजूने दिसलाच पाहिजे. बिल घ्या. दुकानदाराने नकार दिला, तर रिकाम्या आणि भरलेल्या खोक्याच्या वजनाचा फोटो काढा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा राज्याच्या वैध मापनशास्त्र खात्याकडे तक्रार करा. त्यांचे निरीक्षक दुकानात येऊन काटा तपासू शकतात. ग्राहक आयोगाची वाटही आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. पण 48 रुपयांसाठी तारखा कोण घालणार? वजनाच्या तक्रारीला खात्याचीच वाट बरी, असे वकीलबाईही म्हणाल्या.

आता 'आपल्यातले' या शब्दाकडे येते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यातला एक आहे हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देताना कमी मापाने देणे आणि घेताना जास्त मापाने घेणे. हे व्रत गृहस्थासाठी आहे, काट्यामागे बसणाऱ्यासाठी तर आहेच आहे. तो आपल्यातला आहे म्हणून त्याला सोडून द्यायचे, हा कुठला न्याय? परक्या दुकानदाराला विचारायला संकोच वाटला तर एकवेळ समजू शकते. आपल्या माणसाला तर दोन शब्द हक्काने सांगता येतात.

आणि हो, वीस खोकी एकदम घेणार असाल तर आधीच सांगा, "कतली सुटी तोला, मग भरा." सणाच्या गर्दीत विसाव्या खोक्यावर वाद घालत बसायची वेळ येत नाही.