रांग उघडण्याआधी

मालवणात घरी बसून ग्राहकसेवेचे कॉल घेणाऱ्यांनी शिफ्टआधी वीस मिनिटं तपासणीला द्यावीत, आणि तीही खालून वर अशा क्रमानं. आधी फायबरचा डबा बघा. 'एलओएस'चा दिवा लाल असेल तर तार तुटलीय किंवा निसटलीय. राउटर बंद-चालू करत बसू नका, मोबाइल हॉटस्पॉटवर जा. दिवा ठीक असेल तर आधी `ping -n 50` पुढे राउटरचा पत्ता देऊन चालवा, मग `ping -n 50 8.8.8.8`. पहिल्यातच पॅकेट हरवत असतील तर दोष घरातला, बहुधा चिऱ्याच्या जाड भिंतीआड क्षीण झालेल्या वायफायचा. लॅपटॉपला केबल लावा. पहिलं स्वच्छ आणि दुसऱ्यात गळती, तर दोष बाहेरचा. नुसत्या स्पीड टेस्टवर विसंबू नका: कॉलला वेग थोडाच लागतो, पण पॅकेट हरवली की शब्द तुटतात. लाइन सोडून हॉटस्पॉटवर जायचं तर व्हीपीएन जोडण्याआधीच बदला, कारण नंतर बदलल्यास ते बहुधा तुटतं आणि लॉगिनही जातं. शेवटी लॉगिन. ओटीपी एसएमएसनं येत असेल तर घरात रेंज हवीच. ऑथेंटिकेटर अ‍ॅपला ती लागत नाही. दर 30 सेकंदांनी बदलणारा त्याचा आकडा फोनच्या घड्याळावरून बनतो. म्हणून घड्याळ चुकलं की बरोबर दिसणारा आकडाही नाकारला जातो. मे 2021 च्या तौक्ते वादळातल्यासारखे वीज आणि टॉवर दोन्ही गेले तर यातलं काहीच चालत नाही. तेव्हा वादळाचा इशारा आला की रेंज असतानाच सुपरवायझरला कळवून ठेवा.