वांग्याचा व्यंग्यार्थ

गेल्या चंपाषष्ठीला आमच्या एका निवृत्त सहकारी बाईंनी व्हॉट्सॲप गटावर भरीत-रोडग्याचे आमंत्रण धाडले आणि खाली हौसेने तीन वांगी चितारली. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे या दिवशी खंडोबाच्या नैवेद्यात परत येते. त्यांच्या मनात तेवढेच होते. गटातले माजी विद्यार्थी मात्र आधी गप्प झाले, मग एकाने हसरा चेहरा टाकला. कारण कळताच बाईंनी संदेश पुसला आणि गट सोडला.

चूक कोणाची? आमच्या मते, निदान बाईंची नव्हे.

हे चित्र मुळात जपानी मोबाइलवरचे. जपानमध्ये नववर्षाच्या पहिल्या स्वप्नात फुजी पर्वत, ससाणा आणि वांगे दिसणे शुभ समजतात. ओबोनच्या दिवसांत वांग्याला काड्यांचे पाय लावून पितरांसाठी बैल करतात. २०१० साली युनिकोडमध्ये त्याचा समावेश झाला आणि ते जगभरच्या फोनांवर पोचले. अमेरिकेतल्या तरुणांनी आकारसाम्यावरून त्याला पुरुषलिंगाचा अर्थ दिला. पीच या फळाच्या चित्राचे नितंब झाले ते याच न्यायाने. २०१५ मध्ये इन्स्टाग्रामने वांग्याच्या चिन्हाचा हॅशटॅग शोधातून वगळला. म्हणजे वाच्यार्थ भाजीचा, आणि शिक्षा व्यंग्यार्थाला!

आपल्या काव्यशास्त्राला हा पेच नवा नाही. अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाने निश्चित होतो, याची साधने भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त मोजली आहेत, प्रकरण, देश, काल आणि शेजारच्या शब्दाचे सान्निध्य ही त्यांपैकीच. वांग्याशेजारी पीच आणि पाण्याचे थेंब असतील तर हेतूविषयी फारशी शंका उरत नाही. शेजारी रोडगा आणि चंपाषष्ठी असेल तर तो अर्थ ओढून आणावा लागतो. मम्मटाने व्यंजनेच्या विचारात वक्त्याबरोबर बोद्धव्याचे, म्हणजे ज्याला उद्देशून बोलले जाते त्याचे, वैशिष्ट्यही धरले आहे, हे इथे विसरता येत नाही.

पण याच मम्मटाने लज्जा उत्पन्न करणारे अश्लील हा काव्यदोष मानला आहे, आणि अनपेक्षित अर्थ ध्वनित झाला तरी दोष घडतो, असा आक्षेप कोणी घेईल. तो काव्यापुरता आम्हांस मान्य आहे. कवीला आपला रसिक ठाऊक असावा ही अपेक्षा रास्त आहे. गटावरच्या आमंत्रणाची गोष्ट निराळी. तिथे सत्तरीच्या बाई आणि बाविशीचा विद्यार्थी एकाच चिन्हापुढे उभे असतात, आणि दोन्ही संकेत ठाऊक असतात ते विद्यार्थ्याला. ज्याला दोन्ही अर्थ कळतात, त्यानेच प्रकरण पाहून एक निवडायचा. आम्ही वर्गात श्लेष शिकवतो तो याचसाठी.

बाईंना गटात परत बोलावले आहे. अजून उत्तर आलेले नाही.